भोंग्याच्या आधी

मसुदा मोठ्याने वाचणे म्हणजे लिहिलेला मजकूर पाठवण्यापूर्वी, डकवण्यापूर्वी किंवा छापायला देण्यापूर्वी, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात शब्द न गाळता तोंडाने म्हणून पाहणे. ओठ हलवत पुटपुटणे या व्याख्येत बसत नाही. मनातल्या मनात वाचणे तर मुळीच बसत नाही, कारण डोळा हा लिहिणाऱ्याचा मिंधा असतो. लिहिणाऱ्याला जे म्हणायचे होते तेच कागदावर आहे असे धरून तो पुढे पळतो, गळलेला शब्द स्वतःच्या पदरचा घालतो आणि दोनदा पडलेला शब्द एकदाच मोजतो. जिभेला एवढी सवलत नसते. तिला प्रत्येक अक्षरावरून जावे लागते, वाटेत श्वास घ्यावा लागतो, आणि वाक्य संपेपर्यंत हवा पुरली नाही तर ती भर वाक्यात बसकण मारते.

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका हा विषय समजून घ्यायला सोयीचा आहे. तालुक्याच्या गावाला नगरपंचायत आहे, आजूबाजूच्या गावांना ग्रामपंचायती आहेत, आणि या दोन्हींच्या कार्यालयात लिहिलेला बराचसा मजकूर अखेर कोणीतरी मोठ्याने वाचतोच. पूर्वी हलगीवर थाप मारून दवंडी दिली जाई. आता घंटागाडीवर भोंगा असतो. ग्रामसभेची सूचना, पाणीपट्टीची आठवण, लसीकरणाची तारीख, पीकविम्याची मुदत, सगळे त्यातून गल्लोगल्ली फिरते. म्हणजे मसुदा मोठ्याने वाचायचा की नाही हा प्रश्न इथे उरतच नाही. तो कार्यालयाचे दार लावून आधी वाचायचा, की गावाने जमून ऐकल्यावर वाचल्याचे लक्षात यायचे, एवढाच प्रश्न असतो.

पद्धत कळावी म्हणून एक मसुदा घेऊ. तो कोणत्याही एका गावचा नाही. अशा सूचनांमध्ये नेहमी भेटणारे दोष एका कागदावर आणून तो तयार केला आहे.

‘समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की गावातील पाणीपुरवठा योजनेच्या विद्युत मोटारीमध्ये तांत्रिक बिघाड झाल्याकारणाने ता. १२ पासून पुढील आदेश होईपर्यंत पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येत असून ज्या नळधारकांकडे पाणीपट्टीची थकबाकी आहे त्यांनी ती तात्काळ भरावी अन्यथा त्यांचे नळ बंद करण्यात येतील याची नोंद घ्यावी. सरपंचांसह सर्व मोकाट जनावरांचा बंदोबस्त करण्याबाबत विचारविनिमय करण्यासाठी सोमवारी सकाळी १० वाजता ग्रामसभा आयोजित करण्यात आली आहे. दारूच्या नशेत आढळल्यास उपसरपंच संबंधितांना समज देतील.’

डोळ्याने वाचले तर यात खटकण्यासारखे फारसे काही नाही. अशा सूचना लिहिणारा ग्रामसेवक, ज्याच्या पदाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि ज्याला गाव त्याआधीही भाऊसाहेब म्हणत होते व नंतरही तेच म्हणते, तो हा मसुदा एकदा नजरेखालून घालतो आणि सही करतो. मजकूर व्याकरणाने जवळपास बरोबर असतो. शिक्का त्याहून बरोबर असतो.

आता तोच कागद मोठ्याने वाचायचा. उभे राहून वाचणे बरे, कारण खुर्चीत टेकून वाचणारा वाक्याच्या मध्यावर थकतो आणि दोष वाक्याचा की पाठीचा हे कळत नाही. वेग भोंग्याचा ठेवायचा, म्हणजे बोलण्यापेक्षा सावकाश. हातात पेन्सिल असावी, पण तिने वाचता वाचता दुरुस्ती करायची नाही, फक्त खुणा करायच्या. श्वास घ्यावा लागला तिथे उभी रेघ. जीभ अडली तिथे नागमोडी रेघ. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटले तिथे गोल. वाचता वाचता दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या वाक्यापाशी पुन्हा लेखक होतो, आणि मग उरलेला मसुदा तो आतल्या आत वाचून टाकतो.

वरच्या मसुद्याचे पहिले वाक्य या कसोटीला लागताच श्वासाच्या रेघा उमटू लागतात. ‘बिघाड झाल्याकारणाने’ला पहिली, ‘होईपर्यंत’ला दुसरी, ‘येत असून’ला तिसरी, ‘थकबाकी आहे’ला चौथी. एकाही रेघेपाशी स्वल्पविराम नाही. लिहिणाऱ्याने जिथे थांबायची जागा ठेवली नाही तिथे वाचणाऱ्याला थांबावे लागते, आणि तो कुठे थांबेल हे मग त्याच्या फुप्फुसांवर ठरते. ‘पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येत असून ज्या नळधारकांकडे’ इथे हवा संपली तर पाणी फक्त काही ठरावीक नळधारकांचेच तुटणार असा समज होतो. उरलेले निर्धास्तपणे घागरी रिकाम्या ठेवून झोपतात.

ही बिनविरामाची लांबण आजची नाही. मोडी लिहिताना आधी पानावर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरे लटकवत. दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हे नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चैनही नसे. असे पत्र हाती आले की वाचणारा आवाज लावून शब्द सुटे करत जाई. कुठे तोडायचे हे कान सांगत असे. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली आणि छापील मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम रुजू लागले. कार्यालयीन मराठीने यांपैकी फक्त पूर्णविराम स्वीकारला, तोही परिच्छेदाच्या शेवटी. बाकीच्या चिन्हांबाबत अद्याप आदेश आलेले नसावेत.

नागमोडी रेघेचे काम जास्त नाजूक आहे, कारण जीभ दोन वेगवेगळ्या कारणांनी अडते आणि त्यांतले एकच कागदाचा दोष असते. मराठी लेखनाचे जे नियम १९६२ मध्ये ठरले, त्यांनुसार आपण ‘केले’, ‘असे’, ‘सांगितले’ लिहितो. बोलताना मात्र जवळजवळ प्रत्येक जण ‘केलं’, ‘असं’, ‘सांगितलं’ म्हणतो. वाशीत मोठ्याने वाचणारा ‘झाले’च्या जागी ‘झालं’ म्हणून गेला तर ती चूक धरायची नाही. तोंडाने नुसता शेवट मऊ केला, शब्द तोच ठेवला. पण कागदावर ‘झाल्याकारणाने’ असताना तोंडातून ‘झाल्यामुळं’ आले, ‘खंडित ठेवण्यात येत असून’च्या जागी ‘बंद हाय’ आले, तर तिथे रेघ मारायची. तोंडाने शब्दच बदलला म्हणजे कागदावरचा शब्द त्या तोंडाचा नाही. ताठर भाषा ओळखायची याहून खात्रीची खूण नाही. वाचणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. तो नकळत सुधारित आवृत्तीच वाचत असतो, फक्त ती टिपून घेणारे कोणी लागते.

या ताठरपणाचा एक इतिहास आहे. राज्यकारभार मराठीत आणायचा म्हणून शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापले आणि पदांची, व्यवहारांची मराठी नावे घडवणारे कोश निघाले. पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले होते. त्या कोशांवर अन्याय करायचे कारण नाही. त्यांतली पुष्कळ नावे आज सहज तोंडात बसली आहेत. दोष नामांपेक्षा क्रियापदांचा आहे. ‘करण्यात येते’, ‘ठेवण्यात येईल’, ‘आयोजित करण्यात आली आहे’ या रूपांत कर्ता बेपत्ता असतो. डोळ्याने वाचताना त्याची उणीव भासत नाही. मोठ्याने वाचले की ऐकणारा विचारतोच, ‘कोण ठेवणार?’ ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे तर ऐकणाऱ्याला विशेष कोड्यात टाकते, कारण जळालेली मोटार कोणाच्या आदेशाने चालू होते हे त्याला माहीत नसते.

अडखळण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात शब्द कठीण नसतात, शेजार कठीण असतो. याचा उत्तम नमुना तालुक्याच्या नावातच तयार मिळतो. शुभेच्छांच्या फलकासाठी कोणी ‘समस्त वाशीवासीयांच्या वतीने’ असे लिहिले, तर कागदावर ते भारदस्त दिसते. माइकवर ते म्हणणाऱ्याची मात्र परीक्षा असते. ‘शी-वा-सी-यां’ या चढणीवर श आणि स एकमेकांच्या जागी बसतात, आणि बोलणारा घाईत असेल तर ‘वाशीवाशीयांच्या’ किंवा ‘वासीवासीयांच्या’ वतीने शुभेच्छा जातात. त्याच कार्यक्रमात कोणा कैलासवासी ज्येष्ठांचा उल्लेख असेल तर सभागृहात नेमके कोण कुठले वासी यावर क्षणभर गोंधळ होतो. ‘वाशीकर’ म्हटले की सगळे मिटते. असे दोष डोळ्याला कधीच दिसत नाहीत. डोळ्याला श आणि स ही दोन निराळी चित्रे असतात.

संक्षेपांचेही तसेच. ‘ता. १२’ मधला ‘ता.’ तारखेचा, सूचनेच्या माथ्यावर ‘ता. वाशी’ असते त्यातला तालुक्याचा. लिहिणाऱ्याला हे इतके सवयीचे असते की त्यात काही संक्षेप आहे हेच तो विसरतो. पहिल्यांदाच कागद हाती घेतलेला माणूस ‘तालुका बारा पासून’ असे ठणठणीत वाचतो आणि पुढे गेल्यावर थबकतो. त्याच्या थबकण्याला हसू नये. ‘१२ तारखेपासून’ लिहायला जागा फार लागत नव्हती.

इथवरचे दोष लिहिणाऱ्याने स्वतः वाचले तरी सापडतात. गोल मारण्याजोगे दोष मात्र त्याला स्वतःला सहसा सापडत नाहीत, आणि या साऱ्या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची अडचण इथे आहे. ‘सरपंचांसह सर्व मोकाट जनावरांचा बंदोबस्त करण्याबाबत’ हे लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचले, तर तो ‘सरपंचांसह’ नंतर किंचित थांबतो आणि ‘सर्व मोकाट’वर नव्याने जोर देतो. त्याच्या मनात सरपंच विचारविनिमयात आहेत, बंदोबस्तात नाहीत. म्हणून त्याचा आवाज त्यांना अलगद जनावरांपासून बाजूला उभे करतो. आवाजाने वाक्य दुरुस्त केले, कागद तसाच राहिला. त्याला वाटते, वाचून पाहिले, ठीक आहे. द्व्यर्थी वाक्याच्या बाबतीत लिहिणाऱ्याचे मोठ्याने वाचणे म्हणूनच घातक ठरू शकते: नुसत्या डोळ्याने वाचणाऱ्याच्या मनात थोडी शंका तरी उरते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सपाट वाचणे. कुठेही जोर न देता, रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखे, सगळे शब्द एका पट्टीत. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे कागद दुसऱ्याच्या हाती देणे. त्याने तो आधी पाहिलेला नसावा, त्याला विषय समजावून सांगू नये, आणि लिहिणाऱ्याने दुसरी प्रत समोर घेऊन बसू नये. प्रत समोर असली की डोळा पुन्हा फितूर होतो. नुसते ऐकायचे. ग्रामपंचायतीत या कामाला शिपाई सर्वांत योग्य, कारण भोंग्यावर पुढे बहुधा तोच बोलणार असतो. तो वाचू लागतो. ‘सरपंचांसह सर्व मोकाट जनावरांचा बंदोबस्त’ इथवर येतो आणि कागदावरून नजर न उचलता विचारतो, ‘भाऊसाहेब, ह्ये आसंच वाचायचं का?’

या प्रश्नाला ‘लिहिलंय तसं वाच’ हे उत्तर देण्याची प्रथा आहे. ती सोडणे हा मसुदा-तपासणीचा अर्धा भाग होय.

अशा वाक्यांमागचे कारण एकदा कळले की ती पकडणे सोपे जाते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटलेली असते, म्हणून शब्दांचा क्रम थोडाफार हलवला तरी वाक्य मोडत नाही. ‘सरपंच गावाला भेटले’ आणि ‘गावाला सरपंच भेटले’ दोन्ही चालते. या मोकळिकीची सवय होते आणि लिहिणारा तीच मोकळीक ‘सह’, ‘बाबत’, ‘आढळल्यास’ अशा शब्दांनाही देऊन टाकतो. त्यांना ती मानवत नाही. ‘सह’ आपल्या पुढच्या नामाला धरतो आणि सोडत नाही. ‘आढळल्यास’ला कर्ता लागतो, तो वाक्यात जवळ नसला तर जो पहिला माणूस दिसेल त्याला ते पकडते. ‘दारूच्या नशेत आढळल्यास उपसरपंच संबंधितांना समज देतील’ यात पहिला माणूस उपसरपंच आहेत. सपाट आवाजात वाचून पाहिले तर वाक्याचा अर्थ असा होतो की उपसरपंच एरवी कोणाला काही बोलत नाहीत. समज देण्यासाठी त्यांना विशिष्ट अवस्थेत सापडावे लागते. गावात हे कोणाला अशक्य वाटत नाही, हीच त्यातली खरी अडचण.

दुसरा अर्थ कुठे दडला आहे हे पुष्कळदा ठिकाणावरही अवलंबून असते. त्यासाठी ऐकणारा त्याच मातीतला हवा. ‘माल वाशी मार्केटला पाठवावा’ हे वाक्य नवी मुंबईत निर्मळ आहे. वाशी तालुक्यातल्या सोयाबीनवाल्यासमोर ते वाचले की तो विचारणारच, कुठली वाशी? एक घराजवळ आहे आणि दुसरी भाडेखर्चात नफा खाऊन टाकेल इतकी लांब. याच तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. ‘दिवाळीनिमित्त सवलतींचा स्फोट’ ही ओळ कापडाच्या दुकानावर शोभते; तेरखेड्यात ती मोठ्याने वाचणारा माणूस वाक्य पूर्ण करण्याआधी आजूबाजूला पाहून घेईल. मजकूर लिहिणारा पुण्यात बसलेला असेल तर त्याने कितीही वेळा वाचले तरी ही वळणे त्याच्या कानाला लागणार नाहीत.

मसुद्यातली आणखी एक चूक वाक्यरचनेची नाही, अर्थाची आहे, पण ती ऐकतानाच सापडते. पहिल्या वाक्यात सर्वांचे पाणी बंद आहे असे सांगितले आणि त्याच वाक्याच्या शेवटी थकबाकीदारांना नळ बंद करण्याची धमकी दिली. वाचताना या दोन गोष्टींच्या मध्ये इतके शब्द येतात की दुसरीपर्यंत पोचताना पहिली विसरलेली असते. ऐकणारा विसरत नाही, कारण त्याला पाणी हवे असते. कोरडा नळ बंद करण्याच्या धमकीने पाणीपट्टी वसूल झाल्याचे ऐकिवात नाही.

आता दुरुस्ती. खुणा झालेल्या मसुद्यात शब्द बदलत बसण्यापेक्षा, वाचणाऱ्याने कागद उलटा ठेवून ‘यात काय सांगायचंय?’ याचे तोंडी उत्तर द्यावे आणि ते उत्तर लिहून घ्यावे, हा मार्ग जवळचा पडतो. वरच्या मसुद्याचे असे होते:

‘गावकऱ्यांनो, पाणीपुरवठ्याची मोटार जळाली आहे. १२ तारखेपासून नळाला पाणी येणार नाही. मोटार दुरुस्त झाली की पुन्हा कळवू. ज्यांची पाणीपट्टी थकली आहे त्यांनी ती भरावी. न भरणाऱ्यांचे नळ पाणी सुरू झाल्यावरही बंद राहतील. सोमवारी सकाळी १० वाजता ग्रामसभा आहे. मोकाट जनावरांचा बंदोबस्त कसा करायचा, यावर सरपंच सर्वांशी बोलतील. दारू पिऊन आलेल्या माणसाला उपसरपंच समज देतील.’

हा मजकूर एका दमात वाचता येतो, सरपंच कळपातून बाहेर आले आहेत आणि उपसरपंच शुद्धीवर आहेत. इथे थांबण्याचा मोह होतो. पण दुरुस्त केलेला मसुदा हा नवा मसुदा असतो, आणि नव्या मसुद्याला नवे दोष असतात. दुसऱ्या वाचनात पहिला प्रश्न येतो तो ‘कुणाची मोटार जळाली?’ असा, कारण ‘पाणीपुरवठ्याची’ हा शब्द मनात ठरण्याआधीच ऐकणाऱ्याचे लक्ष ‘जळाली’कडे गेलेले असते आणि गावात चारचाकीलाही मोटारच म्हणतात. ‘विहिरीवरची पाण्याची मोटार’ म्हटले की शंका राहत नाही.

दुसरा दोष जास्त खोल आहे आणि तो कार्यालयात वाचून सापडत नाही, गाडीवर सापडतो. मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘१२ तारखेपासून नळाला पाणी येणार’ इथवर वाक्य आनंदाचे आहे. ‘नाही’ हा शब्द शेवटी येऊन ते फिरवतो. घंटागाडी नेमकी त्याच क्षणी मारुतीच्या देवळाला वळसा घालून पलीकडच्या आळीत शिरली, तर अलीकडची आळी ‘पाणी येणार’ एवढेच ऐकते आणि पलीकडची आळी नुसते ‘नाही’. फिरत्या आवाजासाठी लिहिताना म्हणून नकार पोटात घेतलेले क्रियापद निवडावे: ‘१२ तारखेपासून नळ बंद.’ हे वाक्य कुठेही तुटले तरी उलटे होत नाही. फार तर तारीख हरवते. तारीख दोनदा सांगण्याची रीत दवंडीवाल्यांनी याच कारणाने ठेवली असावी.

मोठ्याने वाचण्याने काय सापडत नाही हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर लोक शुद्धलेखनासाठीही भोंगा लावतील. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हा फरक शाळेत शिकवला जातो आणि रोजच्या बोलण्यात तो बहुतेकांच्या तोंडून ऐकूच येत नाही. ‘महाराष्ट्र दीन’ कितीही खड्या आवाजात वाचले तरी सभा टाळ्याच वाजवते. सुत आणि सूत, शिर आणि शीर यांचेही असेच. मसुद्यातले ‘तात्काळ’ हे खरे तर ‘तत्काळ’ हवे, पण बोलणारेही ‘तात्काळ’च म्हणत असल्याने कान त्याला वेशीवर अडवत नाही. या जातीच्या चुकांना डोळाच लागतो, आणि तोही सावकाश, शक्य तर मजकूर शेवटाकडून एकेक शब्द उलटा वाचणारा.

उलट, लिपीत नसलेला एक फरक कानालाच कळतो. च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. ‘जग’ हे लिहिलेले पाहिले तर ते पाण्याचे भांडे की सगळी दुनिया हे लिपी सांगत नाही. सत्कारात ‘पाहुण्यांना जग भेट देण्यात येईल’ असे लिहिले असेल तर नवखा वाचणारा कोणता ज लावेल यावर पाहुण्याचा दर्जा ठरतो.

जिभेचा शेवटचा अवगुण म्हणजे सवय. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. तरीही छापील ‘धाराशिव’ समोर असताना ‘उस्मानाबाद’ वाचून जाणारी तोंडे तालुक्याच्या कार्यालयात भेटतात, आणि जुन्या नमुन्यावर ‘उस्मानाबाद’ छापलेले असताना ‘धाराशिव’ वाचणारीही. दोघांनाही आपण कागद वाचला असेच वाटते. म्हणून नावे, तारखा, रकमा आणि वेळा या चार गोष्टी वाचणाऱ्याच्या तोंडावर सोडू नयेत. एकाने मूळ कागदावरून म्हणाव्यात आणि दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणावे. नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची जी गोष्ट सांगतात, ती इतिहास म्हणून खरी असो वा नसो, तिच्यातला कागद मोठ्याने वाचूनही काही उपयोग झाला नसता. ‘मारावे’ हे वाक्यात सुरेख बसते, जीभ अडत नाही, श्वास पुरतो. मूळ कागदाशी ताडून पाहणाराच तिथे हवा होता.

दुरुस्त्या संपल्या की बदललेले वाक्य एकट्याने वाचू नये, त्याच्या मागचे आणि पुढचे वाक्यही सोबत घ्यावे, कारण ‘ती’, ‘त्यांनी’, ‘संबंधितांना’ हे शब्द शेजारच्या वाक्यातल्या नामावर जगतात आणि ते नाम दुरुस्तीत उडालेले असू शकते. मग सगळा मजकूर भोंग्याच्या वेगात एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. खूण करायची इच्छा झाली नाही तर सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

यात एक काम बहुधा राहून जाते. शिपायाने वाचताना तोंडी केलेले बदल, म्हणजे ‘नळ बंद’ आणि ‘विहिरीवरची मोटार’, कागदावरही उतरवावे लागतात आणि फलकावर लागणारी प्रत त्याच कागदावरून काढावी लागते. नाहीतर भोंग्यावर एक मजकूर जातो आणि फलकावर सरपंचांसह मोकाट जनावरे तशीच लटकत राहतात. सोमवारी ग्रामसभा सुरू झाली की मागच्या बाकावरचा कोणीतरी फलकाचा फोटो मोबाइलवर मोठा करून उभा राहतो आणि तो सभेला मोठ्याने वाचून दाखवतो.